जावळाचा रडका फोटो: त्याखालचं कॅप्शन कसं लिहायचं

जावळाच्या दिवशी शंभर फोटो निघतात आणि घरात सगळ्यांना आवडतो तो एकच: मामाच्या मांडीवर बसलेलं, अर्धं डोकं भादरलेलं, तोंड वासून रडणारं बाळ. त्याखाली काय लिहायचं यावर मात्र गाडी अडते. मग बहुतेक वेळा असं काहीतरी लिहिलं जातं: ‘आज आमच्या बाळाचा जावळ विधी संपन्न झाला. आपले आशीर्वाद असू द्यावेत.’ आणि पुढे हसून लोळणारे तीन पिवळे चेहरे. वरचा भाग निमंत्रणपत्रिकेतून आलेला, खालचा भाग मित्रांच्या ग्रुपमधून. दोघांची गाठ कुठेच पडत नाही, म्हणून वाचणाराही ‘खूप खूप आशीर्वाद’ लिहून पुढे सरकतो.

खरं तर विधी आणि रडं यांना जोडणारा दुवा त्या फोटोतच असतो. बाळ रडतं ते विधीतल्याच कुठल्यातरी कृतीमुळे: कोणीतरी मांडीवर धरून ठेवलं म्हणून, ट्रिमर कानाशी गुणगुणला म्हणून. तेव्हा रीतीतली एक नेमकी गोष्ट आणि रडण्यातली एक नेमकी गोष्ट घ्यायची आणि दोन्ही एकाच माणसावर किंवा एकाच वस्तूवर आणून भेटवायच्या. बहुतेक घरांत तो माणूस मामा असतो. रीतीने मान त्याचा आणि बाळाचा राग निघतो तोही त्याच्यावरच. यापेक्षा चांगला दुवा शोधून सापडणार नाही.

त्याच दिवशी टिपून ठेवायच्या गोष्टी

कॅप्शन रात्री लिहायला बसलं की आठवतं ते फक्त ‘खूप रडला’. म्हणून कार्यक्रम चालू असतानाच घरातल्या एकाने फोनमध्ये चार ओळी टिपाव्यात. बाळ कोणाच्या मांडीवर बसलं? पहिली बट कोणी कापली? अनेक घरांत मामा कात्रीने पहिली बट कापतो आणि मग नाभिक पुढचं काम करतात. केस कोणी झेलले आणि कशात? काही घरांत आत्या पदरात किंवा ताटात झेलते, काही ठिकाणी कणकेच्या उंड्यात केस गोळा करून नंतर नदीत सोडतात. मामाने काय आणलं, नाभिकांना काय दिलं, डोक्यावर हळदीचं स्वस्तिक कोणी काढलं, हे लक्षात असलं तर उत्तम. यातलं एखाददुसरंच कॅप्शनमध्ये येईल, पण कोणतं येईल ते आधी ठरवता येत नाही.

सगळ्यांत मोलाची नोंद म्हणजे रडं नेमकं कधी सुरू झालं आणि कशाने थांबलं. कारणं वयाप्रमाणे बदलतात. दहा-बारा महिन्यांच्या बाळाला अनोळखी माणसाची भीती असते, आणि इथे तर अनोळखी हात मागून डोक्यावर येतात. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला माणसापेक्षा धरून ठेवण्याचा राग येतो. मशीनचा आवाज कुणालाच आवडत नाही. ओल्या मानेला बारीक केस चिकटले की खाज सुटते आणि शांत झालेलं मूल पुन्हा भोकाड पसरतं. ‘खूप रडला’ असं लिहिल्याने कुणाला हसू येत नाही. ‘कात्रीला हसला, मशीनला रडला’ यात एक मूल दिसतं.

फोटो निवडताना

रडण्याचा प्रत्येक फोटो गमतीचा नसतो आणि कॅप्शन कितीही चांगलं असलं तरी चुकीचा फोटो सावरत नाही. फोटोत बाळाचं तोंड उघडं आहे, गाल लाल आहेत, हात कुणाला तरी घट्ट धरून आहेत आणि भोवतालची माणसं हसत किंवा समजूत काढत आहेत, तर बघणाऱ्याला कळतं की हे रडं पाच मिनिटांचं आहे. याउलट डोळे भेदरून एका जागी खिळलेले, दोघांनी दोन बाजूंनी डोकं दाबून धरलेलं, किंवा वस्तऱ्याचं पातं कातडीला टेकलेलं दिसत असेल, तर बघणाऱ्याची नजर आधी पात्यावर जाते आणि हसू तिथेच विरतं. तो फोटो घरच्या अल्बममध्ये राहू द्या. कुठे कापलं असेल, रक्ताचा ठिपका असेल तर त्या फोटोवर विनोद करूच नये.

बाळ बऱ्याचदा उघडं बसवलेलं असतं, तेव्हा फोटो छातीच्या वर कापून घ्या. कापताना बाळाची मूठ आणि मामाचा चेहरा मात्र चौकटीत राहिला पाहिजे. गंमत त्या दोघांच्या मध्ये आहे. दोन फोटो टाकायचे असतील तर पहिला रडका आणि दुसरा औक्षणानंतरचा, नव्या टोपीतला, हातात बिस्किट असलेला. उलट क्रमाने टाकले तर शेवट रडण्यावर होतो आणि आजीला उगाच वाईट वाटतं.

परंपरेचा भाग: थोडा, पण खरा

इथे सर्वाधिक चुका होतात, कारण ‘शास्त्रात सांगितलं आहे’ असं लिहिण्याचा मोह होतो. जावळाचं शास्त्रातलं नाव चौल किंवा चूडाकरण, आणि ते सोळा संस्कारांत मोजलं जातं. आश्वलायन गृह्यसूत्रात चौल तिसऱ्या वर्षी किंवा कुळाच्या रीतीप्रमाणे करावं असं म्हटलं आहे. मनुस्मृतीत पहिलं किंवा तिसरं वर्ष आहे. म्हणजे सूत्रकारानेच घरच्या रीतीला जागा ठेवलेली आहे. तेव्हा बाळ अकरा महिन्यांचं असो की तीन वर्षांचं, ‘आमच्या घरच्या रीतीप्रमाणे’ हे तीन शब्द पुरतात आणि ते कुणी खोडू शकत नाही.

मामाच्या मांडीबद्दल जरा जपून लिहा. आश्वलायनाच्या सूत्रात मूल आईच्या मांडीवर असतं. मामाची मांडी ही आपल्याकडची लोकरीत आहे आणि तिचा मान त्याने तसूभरही कमी होत नाही. पण ‘शास्त्रानुसार मामाच्या मांडीवर’ असं लिहिलंत तर एखादे जाणकार काका सगळ्यांसमोर दुरुस्ती करतील आणि बाळ बाजूला राहून चर्चा भलतीकडे जाईल. ‘मामाच्या मांडीवर, आपल्या रीतीने’ हे बरोबर आहे.

त्याच सूत्रात एक जागा अशी आहे की ती या फोटोसाठीच ठेवल्यासारखी वाटते. केस कापण्याआधी कोमट पाण्याने भिजवतात, केसांत दर्भ धरतात आणि त्या दर्भाला म्हणतात ‘ओषधे त्रायस्वैनम्’, म्हणजे हे वनस्पती, याचं रक्षण कर. मग वस्तऱ्याला म्हणतात ‘स्वधिते मैनं हिंसीः’, म्हणजे याला इजा करू नकोस. मुलाला लागेल की काय ही काळजी आजच्या आईची तशी त्या मंत्राचीही आहे. विधी गंभीर आणि रडं हास्यास्पद अशी विभागणी करायची गरजच उरत नाही, कारण रडण्यामागची भीती विधीने आधीच ओळखलेली आहे. बाळाचं लाडाचं नाव चिकू असेल, तर कॅप्शनमध्ये ती अशी येऊ शकते:

> मंत्र वस्तऱ्याला सांगतो: याला इजा करू नकोस.
> चिकू मामाला सांगतोय: मला घरी ने.
> (घर हेच आहे, चिकू.)

गुरुजींना बोलावून चौल केलं असेल तर ही ओळ हक्काने लिहा. घरी फक्त नाभिकांना बोलावून जावळ काढलं असेल तर ‘मंत्र म्हटले’ असं लिहू नका. ‘जुना मंत्र सांगतो’ एवढ्यावर थांबलात तर तेही खरंच राहतं.

शब्दांबाबत एवढं सांभाळा: मराठी घरात ‘जावळ काढलं’ म्हणतात. ‘मुंडन’, ‘क्षौर’, ‘केशवपन’ या शब्दांच्या मागे दुःखाचे प्रसंग उभे असतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते बाळाच्या फोटोखाली खटकतात. केस कापणाऱ्यांचा उल्लेख ‘नाभिक काका’ किंवा ‘दादा’ असा, कार्यक्रमात जसा मान दिला तसाच असावा. त्यांच्यावर विनोद नको.

गंमत कुठे ठेवायची

विनोदाचा भार बाळावर टाकू नये. ‘रडूबाई’, ‘भित्रा’ असं आज लिहिलेलं वीस वर्षांनी त्याच मुलासमोर येणार आहे. भार मामावर, मामाच्या झब्ब्यावर, ट्रिमरवर, फार तर गेलेल्या केसांवर टाका. मामा तेवढं सोसतो. मामापणाचा तो भागच आहे. ‘चमनगोटा’ चालतो, कारण तो लाडात म्हटला जातो. मुलीचं जावळ असेल तर ‘आता लग्न कसं होणार’ या जातीचं काहीही लिहू नका. मुलीचं रडणं आणि मुलाचं रडणं यांत विनोदाच्या दृष्टीने काहीच फरक नाही, आणि खाली दिलेल्या ओळी दोघांनाही बसतात.

मराठीत केस आणि डोकं यांवर वाक्प्रचारांचा मोठा साठा आहे आणि या फोटोला त्यातले दोन फार नेमके बसतात. पहिला बिनपाण्याच्या हजामतीचा:

> बिनपाण्याने हजामत म्हणतात, ती इथे झाली नाही. पाण्याची सोय चिकूने स्वतः केली.

दुसरा ‘केसाला धक्का लागू न देणं’. मामा भाच्याबद्दल हे वाक्य एरवीही बोलत असतो आणि जावळाच्या दिवशी पहिला धक्का त्याचाच असतो. रीत, मामा आणि रडं तिन्ही एका वाक्यात येतात, म्हणून खालच्या उदाहरणासाठी हाच वाक्प्रचार घेतला आहे. ‘केसाने गळा कापला’ हा वाक्प्रचारही लगेच सुचतो, पण तो टाळा. विश्वासघाताची गंमत त्याच्यात असली तरी फोटोत वस्तरा आहे आणि वाक्यात गळा, वाचणारा दचकतो.

बाळाच्या तोंडी ‘मी’ घालून लिहायचं असेल तर बाळाची तक्रार एकच आणि ठोस असावी. ‘मामा, खाऊ देतो म्हणालास, मशीनचं बोलला नव्हतास’ हे चालतं. ‘माझ्या जावळ संस्कारास उपस्थित राहिल्याबद्दल आभार’ हे अकरा महिन्यांच्या तोंडी शोभत नाही.

एक कॅप्शन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

धरून चालू की बाळाचं लाडाचं नाव चिकू आहे आणि वय ११ महिने. टिपण असं: कार्यक्रम घरी. मामाने कात्रीने पहिली बट कापली, तेव्हा चिकू हसत होता. आत्याने ताटात केस झेलले. ट्रिमर सुरू होताच रडं सुरू. मूठ मामाच्या झब्ब्याच्या कॉलरवर, शेवटपर्यंत सुटली नाही. बिस्किट दिल्यावर शांत. मामाचा नवा झब्बा केस, लाळ आणि अश्रूंनी भरला. चिकूलाही मामाने नवा झब्बा आणला होता.

पहिला मसुदा साधारण असा उतरतो:

> आज आमच्या चिकूचं जावळ काढलं. खूप रडला बिचारा! मामाच्या मांडीवर बसून जावळ काढण्याची आपली सुंदर परंपरा आहे. आशीर्वाद असू द्या.

यात खोटं काही नाही, पण टिपणातलं नेमकं काहीच आलेलं नाही. रडताना फोटोत दिसतोच आहे, ते पुन्हा सांगितलं. ‘सुंदर परंपरा’ हा शेरा आहे. त्यातून ताट दिसत नाही, आत्या दिसत नाही. हे कॅप्शन कुठल्याही बाळाखाली चिकटवता येईल.

दुसऱ्या मसुद्यात वाक्प्रचार आला:

> केसालाही धक्का लागू देणार नाही असं वर्षभर सांगणाऱ्या मामाच्याच मांडीवर बसून आज चिकूचे सगळे केस गेले.

दुवा सापडला, पण वाक्य लांबलं आणि हसू येण्याची जागा मधेच हरवली. ‘पहिली बट मामानेच कापली’ ही खरी कलाटणी आहे, ती वाक्यात आलेलीच नाही. वाक्य तोडून कलाटणीला वेगळं वाक्य दिलं, उरलेलं टिपण त्यामागे लावलं, की असं होतं:

> ‘भाच्याच्या केसालाही धक्का लागू देणार नाही’ म्हणणारा मामा. पहिली बट त्यानेच कापली.
>
> घरच्या रीतीप्रमाणे मामाची मांडी, आत्याच्या हातात ताट आणि चिकूच्या मुठीत मामाची कॉलर. ट्रिमर सुरू झाल्यापासून बिस्किट येईपर्यंत ती सुटली नाही.
>
> मामाने आणलेला नवा झब्बा चिकूने घातला. मामाचा झब्बा धुवायला टाकला आहे.
>
> चिकूचं जावळ, वय ११ महिने.

पहिली ओळ एकटीही पुरी आहे. पुढचं कुणी वाचलं नाही तरी गंमत पोचते. दुसऱ्या परिच्छेदात रीतीच्या दोन वस्तूंमागे तिसरी वस्तू त्याच थाटात येते, कॉलर, आणि ती विधीतलीच असल्यासारखी मांडली म्हणून हसू येतं. ‘बिस्किट येईपर्यंत’ या दोन शब्दांनी रडं संपल्याचं कळतं. ही खबर कॅप्शनमध्ये असावीच, नाहीतर चार जण ‘अगं, शांत झाला का?’ विचारतात. झब्ब्याच्या वाक्यात मामाचा आहेरही आला आणि त्याची अवस्थाही. कार्यक्रमाचं नाव शेवटी एका ओळीत आहे. ते वर ठेवलं असतं तर पहिली ओळ पत्रिकेसारखी झाली असती.

मामा सख्खा नसेल, किंवा परदेशात असेल आणि व्हिडिओ कॉलवरून पाहत असेल, तर जे घडलं तेच दुवा होतं: ‘मांडी मावशीच्या यजमानांची, सूचना मामाच्या, तिकडे रात्रीचे दोन वाजलेत.’ न आलेल्या मामाला शब्दांनी मांडीवर बसवायला जाऊ नका.

कुलदैवताला जाऊन जावळ काढलं असेल तर जागाच दुवा बनते. जेजुरीला डोक्यावर भंडारा लागतो, तेव्हा:

> डोक्यावर भंडारा, गालांवर धारा.
> येळकोट येळकोट जय मल्हार!

इथे यापुढे काही लिहू नये. यमक असलेली ओळ लांबवली की सैल पडते. नवस फेडायचा म्हणून गेला असाल तर नवस कशाचा होता ते जाहीर लिहिण्याची गरज नाही. तो त्या घराचा आणि देवाचा विषय आहे. जावळाच्या जेवणाचा बेत बोकडाचा असेल तर तो रडक्या फोटोच्या कॅप्शनमध्ये आणू नये. वस्तरा, रडं आणि बोकड एकत्र आले की वाक्य कुठल्या कुठे जातं.

टाकण्यापूर्वी

इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० चिन्हांची मर्यादा आहे. जावळाच्या कॅप्शनला ती कधी आडवी येत नाही. आडवं येतं ते ‘more’. पहिल्या एक-दोन ओळींनंतर बाकीचं त्यामागे लपतं, म्हणून गंमत पहिल्या दहा-बारा शब्दांत हवी. देवनागरीत काना-मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात: ‘मामाच्या’ डोळ्याला तीन अक्षरांचा, मोजणीत आठ चिन्हांचा. त्यामुळे कुठेही अक्षरमर्यादा असेल तर अंदाजापेक्षा लवकर संपते. हॅशटॅगमध्ये मधे जागा सोडली की तो तिथेच तुटतो. ‘#पहिलंजावळ’ सलग लिहा, आणि एक-दोनवर थांबा.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर ओळ फोटोच्या खालच्या भागावर चढते आणि तिथेच नेमकी मूठ किंवा कॉलर असते. तिथे एकच ओळ ठेवा, वरच्या उदाहरणातली पहिली. नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र वेगळं लिहावं लागतं. तिथे विनोदापेक्षा कोणाचं नाव राहिलं हे आधी वाचलं जातं. मामा, आत्या, आजी-आजोबा, स्वयंपाक सांभाळणाऱ्या काकू, सगळ्यांचा उल्लेख करा आणि आशीर्वादाची विनंती इथे जरूर घाला. ती जाहीर कॅप्शनमध्ये पोकळ वाटते. इथे ती रीत आहे.

जाहीर ठिकाणी बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि गाव एकत्र देऊ नका. लाडाचं नाव आणि महिने पुरेसे आहेत. देवस्थानी असाल तर फोटो घरी परतल्यावर टाका. नाभिक काकांचा चेहरा फोटोत असेल तर निघताना त्यांना विचारून घ्या, नको म्हणाले तर चौकट त्यांच्या हातांपर्यंत आणा. आणि कॅप्शन आधी मामाला पाठवा. झब्ब्याचं वाक्य त्याच्यावर आहे. तो हसला तर टाका, ‘हे काढ ना’ म्हणाला तर ते वाक्य गाळूनही बाकीचं कॅप्शन उभं राहतं.